गुणांचे गणित – लेखांक ६ : अंतिम परीक्षा सर्वांत कमी गुणांची जागा घेते तेव्हा

अमेरिकेतील महाविद्यालयांत विषयाचा निकाल बहुधा एकाच प्राध्यापकाच्या हाती असतो, आणि निकाल कसा लावला जाईल याचे नियम सत्राच्या पहिल्या आठवड्यात ‘सिलॅबस’ या लेखी पत्रकाद्वारे विद्यार्थ्यांना कळवले जातात. गृहपाठ, सत्राच्या मध्ये होणाऱ्या दोन-तीन परीक्षा म्हणजे मिडटर्म आणि शेवटी होणारी अंतिम परीक्षा म्हणजे फायनल, या प्रत्येकाला त्या पत्रकात टक्क्यांचा एक वाटा दिलेला असतो, ज्याला या लेखमालेत आपण ‘भारांश’ म्हणत आलो आहोत. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमांच्या पत्रकांत याच भारांशांखाली पुष्कळदा एक वाक्य आढळते : अंतिम परीक्षेचे गुण सर्वांत कमी गुणांच्या मिडटर्मपेक्षा जास्त असतील, तर ते त्या मिडटर्मच्या जागी धरले जातील. वाक्य लहान आहे. परंतु ‘हवी ती श्रेणी मिळवण्यासाठी फायनलमध्ये किती गुण लागतील’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे इतके बदलते, की मागील लेखांकातील साधे सूत्र जसेच्या तसे वापरणाऱ्या विद्यार्थ्याला शक्य असलेली गोष्टही अशक्य वाटू शकते.

एक काल्पनिक पण नेहमीच्या पद्धतीतले उदाहरण घेऊ. गृहपाठाला १० टक्के, तीन मिडटर्मना प्रत्येकी २० टक्के आणि फायनलला ३० टक्के भारांश आहे. एका विद्यार्थिनीला गृहपाठात १०० पैकी ९०, मिडटर्ममध्ये अनुक्रमे ८२, ७४ व ५८ गुण आहेत आणि तिला एकूण ८० टक्के हवे आहेत, कारण अनेक ठिकाणी ‘बी’ श्रेणीचा पट्टा तेथून सुरू होतो. बदलीचा नियम नसता, तर गृहपाठाचे ९ आणि मिडटर्मचे ४२.८ मिळून तिच्या खात्यात ५१.८ टक्के जमा झाले असते, उरलेले २८.२ टक्के ३० टक्के भारांशाच्या फायनलमधून मिळवावे लागले असते, आणि त्यासाठी १०० पैकी ९४ गुण आवश्यक ठरले असते. तिसऱ्या मिडटर्ममध्ये ५८ मिळवणाऱ्या विद्यार्थिनीने ९४ ची अपेक्षा धरणे अवघडच आहे.

नियम लागू झाला, की ५८ गुणांची मिडटर्म हिशेबातून बाहेर पडते आणि तिचा २० टक्के भारांश फायनलकडे जातो, म्हणजे फायनल प्रत्यक्षात ५० टक्क्यांची होते. जमेच्या बाजूला गृहपाठाचे ९ आणि उरलेल्या दोन मिडटर्मचे ३१.२ मिळून ४०.२ टक्के राहतात, आणि उरलेले ३९.८ टक्के ५० टक्के भारांशातून मिळवायचे असल्याने आवश्यक गुण ७९.६ येतात. ७९.६ हे ५८ पेक्षा जास्त असल्यामुळे नियम लागू होण्याची अटही पूर्ण होते. ९४ आणि ७९.६ यांतील अंतर साडेचौदा गुणांच्या आसपास आहे, आणि ते सारे त्या एका वाक्यामुळे आलेले आहे.

येथे एक खाचखळगा आहे. याच विद्यार्थिनीला ८० ऐवजी केवळ ६० टक्के हवे असते, तर बदलीच्या हिशेबाने आवश्यक गुण ३९.६ आले असते, पण ३९.६ हे ५८ पेक्षा कमी असल्याने तेथे बदली होणारच नाही, आणि साध्या हिशेबाने ८.२ टक्के ३० टक्क्यांतून मिळवण्यासाठी सुमारे २७.३ गुण पुरतात. म्हणजे बदलीचे सूत्र डोळे मिटून वापरल्यास लहान उद्दिष्टाच्या बाबतीत विनाकारण जास्त गुण मागितले जातात, आणि साधे सूत्र डोळे मिटून वापरल्यास मोठ्या उद्दिष्टाच्या बाबतीत तसेच घडते. कोणते सूत्र केव्हा लावायचे, याचा निर्णय करण्यासाठी एक सोपी युक्ती आहे : दोन्ही उत्तरे काढावीत आणि त्यांतील लहान ते घ्यावे.

ही युक्ती योगायोगाने बरोबर येत नाही, तिच्यामागे कारण आहे. फायनलचे गुण सर्वांत कमी मिडटर्मपेक्षा जास्त असले, की बदलीनंतरची बेरीज साध्या बेरजेपेक्षा मोठी होते. कमी असले, की लहान होते. आणि नियम विद्यार्थ्याला नेहमी मोठी बेरीज देतो. दोनपैकी कोणत्याही एका मार्गाने उद्दिष्ट गाठले गेले तरी ते गाठले गेलेच, म्हणून ज्या मार्गाने कमी गुणांत काम भागते, तोच आवश्यक गुणांचा आकडा. संगणकावरील तक्त्यात तो पुढीलप्रमाणे मांडता येतो, ज्यात `T` हे उद्दिष्ट, `S` ही सर्वांत कमी मिडटर्म धरून आतापर्यंतची जमा, `L` हे त्या मिडटर्मचे गुण, `w` हा तिचा भारांश आणि `f` हा फायनलचा भारांश आहे, आणि दोन्ही भारांश ०.२ व ०.३ असे दशांशात लिहायचे आहेत :

```
N = min( (T - S)/f , (T - S + w*L)/(f + w) )
```

फायनलच्या गुणांनुसार एकूण टक्के कसे वाढतात याचा आलेख काढला, तर तो एक सरळ रेषा राहत नाही. ५८ गुणांपर्यंत फायनलचा प्रत्येक गुण एकूण निकालात ०.३ ची भर घालतो, आणि ५८ च्या पुढे प्रत्येक गुण ०.५ ची, त्यामुळे ५८ गुण व ६९.२ टक्के या बिंदूवर रेषा वर वळते. उद्दिष्ट ६९.२ च्या खाली असेल तर साधा हिशेब, वर असेल तर बदलीचा हिशेब, असे या वळणावरूनही सांगता येते. अखेरच्या दिवसांत वेळ अनेक विषयांत वाटून द्यायचा असतो, तेव्हा हे वळण लक्षात असणे मोलाचे ठरते, कारण ५८ पलीकडे या विषयाच्या फायनलमधील एक गुण ५० टक्के भारांशाच्या परीक्षेतील गुणाइतका वजनदार झालेला असतो.

आता या नियमाचा सर्वांत लक्षणीय परिणाम पाहावा. बदलीच्या सूत्रात जमा काढताना कमी गुणांची मिडटर्म आधीच वजा होते, म्हणजे आवश्यक आकड्यात ५८ हा अंक येतच नाही. त्या जागी ७२ असते, ४० असते किंवा विद्यार्थिनी परीक्षेला बसलीच नसती आणि शून्य असते, तरी ८० टक्क्यांसाठी लागणारे गुण ७९.६ च राहिले असते. फरक पडतो तो नियमामुळे होणाऱ्या फायद्याच्या आकारात : ७२ वालीला नियम नसताना सुमारे ८४.७ लागले असते, ४० वालीला १०६ आणि शून्यवालीला सुमारे १३२.७, म्हणजे शेवटच्या दोघींसाठी ८० टक्के हे उद्दिष्ट मुळातच गाठता येण्याजोगे नव्हते. एका वाईट दिवसाची शिक्षा सबंध सत्रभर चालू राहू नये, हा या नियमाचा हेतू असतो आणि गणिताने तो खरोखर साध्य होतो. मात्र वरची मर्यादा कायम राहते : उरलेल्या दोन मिडटर्ममध्ये ८२ आणि ७४ असताना फायनलमध्ये पैकीच्या पैकी मिळाले तरी एकूण ९०.२ च होतात, त्यामुळे ९० टक्क्यांसाठी ९९.६ गुण लागतात आणि ९५ टक्के हे उद्दिष्ट सोडूनच द्यावे लागते.

शून्य आणि ७२ यांना सारखाच आकडा लागतो, हे कळल्यावर काही विद्यार्थी तिसरी मिडटर्म सोडून देण्याचा विचार करतात, आणि येथेच मोठी चूक होते. ही सवलत विम्यासारखी आहे आणि ती एकदाच वापरता येते. समजा तीच विद्यार्थिनी तिसऱ्या मिडटर्मला बसली आणि तिला ७८ मिळाले, तर सर्वांत कमी गुण ७४ चे होतात, गृहपाठ व उरलेल्या दोन मिडटर्मची जमा ४१ होते आणि ८० टक्क्यांसाठी ७८ गुण पुरतात. सवलत मात्र ७४ साठी शिल्लक राहते. खरा फरक फायनल बिघडल्यावर दिसतो. फायनलमध्ये केवळ ५० गुण पडले, तर परीक्षा सोडणारीचे एकूण ६५.२ होतात आणि बसणारीचे ७०.८, म्हणजे अनेक ठिकाणी ‘डी’ आणि ‘सी’ यांमधील अंतर. आजारपण किंवा दुसरी अडचण पुढे आली आणि आणखी एक मिडटर्म चुकली, तर नियम दोन शून्यांपैकी एकच भरून काढतो.

नियमाचे शब्द नीट वाचणे याच कारणाने आवश्यक आहे. ज्या विषयात मिडटर्मचे भारांश वेगवेगळे असतात, तेथे ‘सर्वांत कमी’ म्हणजे टक्केवारीने सर्वांत कमी, की बदलीने सर्वांत जास्त फायदा देणारी, हे स्पष्ट असावे लागते : २० टक्के भारांशाच्या मिडटर्ममध्ये ६० आणि १० टक्के भारांशाच्या मिडटर्ममध्ये ५० असताना फायनलमध्ये ८० पडले, तर पहिली बदलल्याने एकूण निकालात ४ टक्क्यांची भर पडते आणि दुसरी बदलल्याने ३ टक्क्यांचीच. परीक्षांचे एकूण गुण सारखे नसतील, तर तुलना करण्याआधी सगळे गुण शेकड्यात आणावेत, आणि फायनल १५० गुणांची असल्यास ७९.६ टक्के म्हणजे ११९.४, अर्थात प्रत्यक्षात १२० गुण, असा हिशेब पुढे करावा. गैरहजेरीचा शून्य बदलीस पात्र आहे की नाही आणि नक्कल करताना पकडल्यामुळे मिळालेला शून्य पात्र आहे की नाही, हेही प्राध्यापक वेगवेगळे ठरवतात.

एक प्रकार मात्र वरील सूत्रात बसत नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील संगणकशास्त्राच्या काही अभ्यासक्रमांत विद्यार्थी ज्याला ‘क्लॉबर’ म्हणतात, त्या पद्धतीत फायनलचे गुण थेट न नेता वर्गाच्या तुलनेतील स्थान नेले जाते. समजा मिडटर्मची सरासरी ७० आणि गुण सरासरीपासून साधारण किती पसरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन १५ आहे, तर फायनलची सरासरी ६२ आणि प्रमाण विचलन १६ आहे. फायनलमध्ये ७० मिळवणारा विद्यार्थी सरासरीच्या अर्ध्या विचलनाने वर आहे, म्हणून मिडटर्मच्या जागी त्याला ७० अधिक ७.५, म्हणजे ७७.५ गुण मिळतात. अवघड फायनलमुळे कोणाचे नुकसान होऊ नये यासाठी ही पद्धत न्याय्य आहे, पण फायनलची सरासरी परीक्षेनंतरच कळत असल्याने ‘किती गुण लागतील’ याचे आधी नेमके उत्तर देता येत नाही, केवळ अंदाज बांधता येतो.

या नियमाची बाजू घेताना एक अट मात्र धरलीच पाहिजे. फायनल संपूर्ण सत्राच्या अभ्यासावर बेतलेली असेल, तरच ती जुन्या मिडटर्मची जागा घेण्यास योग्य ठरते, कारण तेव्हाच ‘आधी न आलेला भाग आता येतो’ असे गुण सांगतात. केवळ शेवटच्या महिन्याच्या भागावर घेतलेली फायनल पहिल्या मिडटर्मच्या जागी ठेवली, तर पहिल्या भागाची परीक्षा झालीच नाही असा अर्थ होतो. सत्राच्या आरंभी सिलॅबस हाती आल्यावर फायनल सबंध अभ्यासक्रमावर आहे का, सर्वांत कमी मिडटर्म कशी ठरवणार आणि गैरहजेरी त्यात धरली जाते का, या तीन गोष्टींची लेखी खात्री करून घ्यावी, कारण फायनलच्या आदल्या आठवड्यात मिळालेले उत्तर आधीच्या नियोजनाला उपयोगी पडत नाही.