नकार आजच कळवा

पुण्यातल्या एका मध्यम आयटी कंपनीने चाचणी विभागातल्या जागेसाठी एका मुलीला ऑफर लेटर पाठवलं. तिने अजून सही केली नव्हती. तेवढ्यात दुसरीकडून, तिला हव्या त्या ऑटोमेशनच्या कामाची ऑफर आली आणि तिने ती स्वीकारली. आता पहिल्या कंपनीला काय लिहायचं?

आधी पलीकडच्या टेबलावर काय चाललेलं असतं ते पाहू. मुलाखतीत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या उमेदवाराला रिक्रूटर सहसा लगेच नकार कळवत नाहीत. 'निर्णय व्हायचाय' म्हणून थांबवून ठेवतात. तो उमेदवार काही आठवडेभर वाट पाहत नाही. शिवाय आयटीत नोटीस पीरियड बऱ्याचदा ९० दिवसांचा, म्हणजे शोध पुन्हा सुरू झाला की जागा आणखी तीन महिने रिकामी. म्हणून दुसरीकडे सही झाली त्याच दिवशी कळवलेला नकार रिक्रूटरला परवडतो. पंधरा दिवस फोन न उचलता आलेला नकार, भाषा कितीही गोड असली तरी, परवडत नाही.

आधी फोन करावा, मग नोंदीसाठी मेल. मेल एवढाच पुरे:

"नमस्कार मॅडम, आपल्या ऑफरबद्दल आभार. ती मी स्वीकारू शकत नाही. ऑटोमेशनचं पूर्णवेळ काम असलेली दुसरी नोकरी मी आज स्वीकारली आहे. दुसऱ्या फेरीआधी आपण टीमलीडशी अर्धा तास बोलणं करून दिलंत, त्याचा मला खरंच उपयोग झाला. पुढे आपल्याकडे ऑटोमेशनची जागा निघाली तर जरूर कळवा."

नकार दुसऱ्याच वाक्यात आहे, शोधावा लागत नाही. कारण खरं आहे, पण नव्या कंपनीचं नाव आणि पगाराचा आकडा नाही. आकडा लिहिला की घासाघीस सुरू होते, आणि ती करायची वेळ सहीआधीची होती. 'घरगुती अडचण' हे लाडकं कारणही टाळावं. महिन्याभरात लिंक्डइनवर नवी कंपनी झळकते आणि रिक्रूटरचा तर दिवसच लिंक्डइनवर जातो. शेवटचं वाक्य नेमकं आहे. नुसतं 'संपर्कात राहू' लिहिलं असतं तर कुठल्या जागेसाठी फोन करायचा हे त्यांना कळलं नसतं.

ऑफर कन्सल्टन्सीमार्फत आली असेल तर आधी तिथे कळवावं. त्यांची फी पुष्कळदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते, आणि ती उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते. नुकसान त्यांचं होतं; कंपनीकडून बातमी कळली तर ते दुप्पट झोंबतं.

पहिल्या ऑफरवरही सही होऊन गेली असेल, तर हा मेल चालणार नाही. तिथे आभाराच्या आधी माफी येते आणि जॉइनिंग बोनस घेतला असेल तर तो कधी परत करणार, ती तारीखही.