पीळ गेला की वेगही जातो: एकाच प्लाझ्मिडच्या तीन पट्ट्या

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी आठ नळ्या कचऱ्यात टाकल्या आणि एक आठवडा वाया घालवला. नळ्यांमध्ये जे हवं होतं तेच होतं. चूक होती ती जेलवरची पट्टी वाचण्यात.

काम साधं होतं. पीयूसी१९ नावाचा प्लाझ्मिड म्हणजे २,६८६ बेसजोड्यांचं डीएनएचं एक वर्तुळ. त्यात मी साधारण १,००० बेसजोड्यांचा एक तुकडा बसवला, ते वर्तुळ जिवाणूंमध्ये घातलं, आठ वसाहती वाढवल्या आणि प्रत्येकीतून प्लाझ्मिड बाहेर काढला. तुकडा बसला असेल तर आकार ३,७०० च्या आसपास यायला हवा, नाही तर २,७००. मग एक टक्का ॲगरोजच्या जेलमध्ये नमुने भरले, बाजूला मोजपट्टी म्हणून ठराविक लांबीच्या तुकड्यांची 'लॅडर' भरली आणि वीज लावली. तासाभराने पाहिलं तर आठही रांगांत ठळक पट्टी २,६०० च्या जवळ, आणि बरीच वर एक फिकट पट्टी. मी निष्कर्ष काढला की तुकडा बसलेलाच नाही आणि वरची पट्टी म्हणजे जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएची घाण. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते.

का चुकीचे, ते समजायला जेलमध्ये नक्की काय होतं ते पाहू. डीएनएच्या प्रत्येक दुव्यावर फॉस्फेटचा ऋण प्रभार असतो, म्हणून तो धन टोकाकडे ओढला जातो. पण रेणू जितका लांब तितका प्रभारही जास्त आणि घर्षणही जास्त. त्यामुळे नुसत्या पाण्यात लहानमोठे सगळे रेणू जवळजवळ एकाच वेगाने धावतील. फरक पडतो तो ॲगरोजच्या जाळ्यामुळे. हे जाळं चाळणीसारखं असतं आणि ते रेणूचं वजन करत नाही. या आकाराचा रेणू माझ्या छिद्रांतून किती सहज जातो, एवढंच ते पाहतं.

आता आपलं वर्तुळ पाहा. मोकळ्या डीएनएमध्ये दोन धागे दर साडेदहा बेसजोड्यांमागे एकमेकांभोवती एक वेढा घेतात. २,६८६ भागिले १०.५ म्हणजे सुमारे २५६ वेढे. पण जिवाणूच्या पेशीत विकरं हे वेढे साधारण सहा टक्क्यांनी कमी ठेवतात, म्हणजे सुमारे १५ वेढे कमी. वर्तुळाला सुटं टोक नाही, त्यामुळे ही तूट कुठून भरून काढता येत नाही. मग ताण घालवायला अख्खं वर्तुळच स्वतःभोवती पिळतं. सुंभाची दोन्ही टोकं जोडून तो पिळलात तर तो जसा गुंडाळून आखूड आणि घट्ट होतो, तसंच. हाच सुपरकॉइल्ड प्लाझ्मिड. तो आटोपशीर असल्यामुळे जाळ्यातून सर्वांत पटकन पुढे जातो.

आता या वर्तुळाच्या दोन धाग्यांपैकी फक्त एक, फक्त एका जागी तुटला असं समजा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे एकच दुवा तुटतो आणि सगळा पीळ जातो. कारण तुटल्या जागी उरलेला धागा एका साध्या रासायनिक बंधाभोवती मोकळा फिरतो आणि साठलेले पंधराच्या पंधरा वेढे उलगडतात. हा निक्ड प्लाझ्मिड. त्यात एकही बेस कमी झालेला नाही, पण आता तो मोठं, सैल कडं आहे. त्याला पुढे घालायला टोक नाही, आणि जाळ्याचे तंतू त्याच्या पोकळीतून खुंटीसारखे आरपार जाऊन त्याला अडवून ठेवतात. म्हणून तो सर्वांत मागे राहतो.

दोन्ही धागे एकाच जागी कापले गेले की वर्तुळाची सरळ दोरी होते: लिनियर रूप. ती मोठी असली तरी तिला टोक आहे. पायजम्यात नाडी ओवताना आपण जसं टोक पुढे घालतो, तसं तिचं टोक छिद्र शोधतं आणि बाकीची दोरी मागून येते. नेहमीच्या परिस्थितीत ती या दोघांच्या मधे धावते.

आणि इथेच माझी चूक उघडी पडते. लॅडरमधले सगळे तुकडे लिनियर असतात. त्या पट्टीने सुपरकॉइल्ड वर्तुळ मोजणं म्हणजे गुंडाळलेल्या दोरीची लांबी तिच्या गुंडाळीवर पट्टी ठेवून मोजणं. ३,७०० चा पिळलेला प्लाझ्मिड लॅडरच्या २,६०० जवळ धावला, यात नवल काहीच नव्हतं. रिकामा पीयूसी१९ न कापता चालवला असता तर तो आणखी खाली, २,००० च्या आसपास दिसला असता. तो मी चालवलाच नव्हता. वरची फिकट पट्टी घाण नव्हती, तर त्याच प्लाझ्मिडची निक्ड रूपं होती.

प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकारिणीने फोटो पाहून एकच प्रश्न विचारला, "कापून पाहिलंस का?" वसाहतींची बशी सुदैवाने फ्रीजमध्ये शिल्लक होती. प्लाझ्मिड पुन्हा काढला आणि वर्तुळाला एकाच जागी कापणारं विकर घालून एक तास ३७ अंशांवर ठेवलं. या वेळी तीन रांगा शेजारीशेजारी भरल्या: माझा न कापलेला, माझा कापलेला आणि कापलेला रिकामा पीयूसी१९. कापलेल्या रांगेत वरची आणि खालची पट्टी नाहीशी होऊन एकच पट्टी आली, ३,७०० ला. रिकामा २,७०० ला. आठही वसाहतींत तुकडा होता.

ही कसोटी दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. वेगवेगळ्या पट्ट्या ही एकाच रेणूची रूपं असतील तर एका कापात त्या एकत्र येतात. वरची पट्टी खरोखर दुसऱ्या डीएनएची असेल तर ती तिथे येऊन मिळत नाही. कापल्यावरही तिन्ही पट्ट्या दिसल्या, तर आधी विकराचं काम अर्धवट राहिलं का ते तपासावं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, सुपरकॉइल्ड पुढे आणि निक्ड मागे हा क्रम नेहमीच्या जेलचा आहे, निसर्गनियम नव्हे. ॲगरोजचं प्रमाण किंवा व्होल्टेज बदललं तर लिनियर आणि निक्ड यांची अदलाबदल होऊ शकते. जेलमध्येच इथिडियम ब्रोमाइड घातलं असेल तर आणखी गुंता होतो. या रंगाचा प्रत्येक रेणू दोन बेसजोड्यांच्या मधे घुसून वेढा सुमारे २६ अंशांनी उलगडतो, म्हणजे अंदाजे चौदा रेणू एक वेढा खातात. पिळलेल्या वर्तुळाचा पीळ त्यामुळे आधी कमी होतो आणि रंग वाढला तर उलट दिशेने चढतो. म्हणून पट्टीच्या जागेवरून रूप ओळखायचं असेल तर न कापलेला आणि एकदा कापलेला नमुना त्याच जेलवर ठेवावा.

दुसरी, सुपरकॉइल्डच्याही पुढे धावणारी, फिकट रंगणारी पट्टी दिसली तर प्लाझ्मिड काढताना अल्कलीत जास्त वेळ राहिला असण्याची शक्यता आहे. धागे सुटे होऊन पुन्हा नीट जुळले नाहीत की असा गुंता बनतो आणि विकरं त्याला कापत नाहीत. त्या पायरीला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, असं हातपुस्तिकांत लिहिलेलं असतं ते याचसाठी.

तेव्हापासून मी न कापलेल्या प्लाझ्मिडच्या शेजारची लॅडर वाचत नाही.