पळणाऱ्या खड्याचा निकाल समोरच्या कोपऱ्यात

गो हा खेळ चीनमध्ये जन्मला आणि जपान-कोरियात वाढला. त्याचे नियम अर्ध्या तासात कळतात. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा असतात आणि खडे चौकोनांत न ठेवता रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचे असतात. सुरुवात काळ्याची, मग पांढऱ्याची, अशी आळीपाळी चालते. एकदा ठेवलेला खडा सरकत नाही. त्याच्या चारही बाजूंना रेषेवरच्या ज्या जागा रिकाम्या असतील त्या त्याच्या मोकळ्या वाटा. एकाच रंगाचे खडे रेषेवर शेजारी-शेजारी आले की त्यांचा एक गट होतो आणि वाटाही सामाईक होतात. शेवटची वाट प्रतिस्पर्ध्याने बुजवली की सगळा गट पटावरून उचलला जातो. एकच वाट उरलेल्या गटाला अटारी लागली असं म्हणतात, म्हणजे पुढच्या खेळीत तो मरणार.

अटारी लागलेला खडा पळून वाचेल का, हा प्रश्न नवख्याला पहिल्याच आठवड्यात पडतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा तो खडा जिथे आहे तिथे नसतंच. ते पटाच्या पार दुसऱ्या टोकाला असतं. ज्या डावपेचात हे घडतं त्याला शिडी म्हणतात, जपानीत शिचो. जपानमध्ये तर जुनं सांगणंच आहे की शिडी येत नसेल तर गो खेळायला बसू नये.

एक शिडी शेवटपर्यंत चालवून पाहू. मुलांची चौकटीची वही घेतली तरी चालेल. जागा सांगताना आधी डावीकडून कितवी उभी रेष आणि मग खालून कितवी आडवी रेष असं म्हणू. पांढरा खडा ४-४ वर आहे. काळ्याचे तीन खडे ३-४, ४-३ आणि ५-३ वर आहेत. पांढऱ्याला दोन वाटा उरल्या आहेत, वरची ४-५ आणि उजवीकडची ५-४. खेळी काळ्याची आहे.

काळा ४-५ वर खेळतो. अटारी लागली. पांढरा एकुलत्या एका वाटेने ५-४ वर पळतो. आता दोन खड्यांच्या गटाला पुन्हा दोनच वाटा आहेत, ६-४ आणि ५-५, कारण खालच्या ५-३ वर काळा आधीच बसलेला आहे. काळा ६-४ वर खेळतो, पांढरा ५-५ वर. काळा ५-६ वर, पांढरा ६-५ वर. काळा ७-५ वर, पांढरा ६-६ वर. एकदा उजवीकडे, एकदा वर, अशा पायऱ्या चढत पांढरा वरच्या उजव्या कोपऱ्याकडे निघतो. पळाल्यावर त्याला दर वेळी दोन वाटा मिळतात आणि काळा दर वेळी त्यातली एक बुजवतो.

काळ्याने कुठली वाट बुजवायची, इथे नवखे फसतात. पांढरा ५-४ वर आल्यावर काळ्याने ६-४ ऐवजी ५-५ वर खेळलं तर पांढरा ६-४ वर जातो आणि त्याला ७-४, ६-५ आणि ६-३ अशा तीन वाटा मिळतात. मग काळा काहीही खेळला तरी अटारी लागत नाही आणि पाठलाग तिथेच संपतो. म्हणून पांढऱ्यासाठी जी वाट उघडी ठेवायची, तिच्या शेजारी आपला एखादा खडा आधीच असला पाहिजे. पांढऱ्याला ५-४ कडे ढकललं ते शेजारी ५-३ होता म्हणून, आणि पुढे ५-५ कडे ढकललं ते शेजारी ४-५ होता म्हणून. एवढं लक्षात ठेवलं की बाजू चुकत नाही.

पटाचा उरलेला भाग रिकामा असेल तर शेवट असा होतो. पांढरा १७-१७ वर पोचतो. काळा १७-१८, पांढरा १८-१७, काळा १९-१७, पांढरा १८-१८. काळा १८-१९ वर खेळतो आणि पांढरा १९-१८ वर जातो. पण आता पट संपला आहे. नव्या जागेला एकच वाट आहे, कोपऱ्यातली १९-१९. काळा तिथे खेळतो आणि ४-४ पासून १९-१८ पर्यंतचे सगळे पांढरे खडे एकदम उचलतो. मोजले तर ते तीस भरतात. जपानी मोजणीत प्रत्येक कैदी खड्याचा एक गुण आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेचा एक, म्हणजे साठ गुण. सुरुवातीला धोक्यात होता एकच खडा. हरलेल्या शिडीत प्रत्येक पायरी दोन गुणांनी महाग पडते. म्हणून पळायचं की नाही हे पहिलं पाऊल टाकण्याआधी ठरवावं लागतं. दहाव्या पायरीला शंका आली तर फार उशीर झालेला असतो.

आता तीच शिडी, पण १६-१६ वर पांढऱ्याचा एक खडा आधीपासून आहे असं धरू. पांढरा १५-१५ वर येतो, काळा १५-१६ वर अटारी देतो, पांढरा १६-१५ वर जातो आणि वरच्या खड्याला जोडला जातो. काळा नेहमीप्रमाणे १७-१५ बुजवतो, पण पांढऱ्याला अजून १६-१७ आणि १७-१६ अशा दोन वाटा आहेत, आणि खेळी पांढऱ्याची आहे. शिडी तुटली. त्याच जागी काळा खडा असता तर उलट घडलं असतं. १६-१५ वर आलेल्या पांढऱ्याला फक्त १७-१५ उरली असती आणि काळ्याने तिथेच चोवीस खडे उचलले असते.

तुटलेल्या शिडीत काळ्याचं होणारं नुकसान हरलेल्या पांढऱ्यापेक्षा मोठं असतं, असं मला वाटतं. पाठलाग करताना त्याने दोन्ही बाजूंना जे खडे पेरले ते एकमेकांना जोडलेले नाहीत, फक्त तिरके शेजारी आहेत. ५-६ आणि ६-७ हे दोन काळे खडे पाहा. दोघांनाही दोन-दोनच वाटा आहेत आणि त्यातली ५-७ सामाईक आहे. पांढरा ५-७ वर खेळला की दोघांना एकाच वेळी अटारी लागते. काळा एक वाचवेल, दुसरा जाईल. अशा जागा शिडीच्या दोन्ही कडांना ओळीने पडलेल्या असतात.

शिडी वाचायची म्हणजे कोपऱ्यापर्यंतची प्रत्येक खेळी मनात मांडायची, असं अनेकांना वाटतं. तशी गरज नसते. शिडी बुद्धिबळातल्या उंटासारखी सरळ तिरकी जाते, त्यामुळे नजर तिरक्या रेषेवरून पुढे न्यायची आणि वाटेत पहिला खडा कुणाचा लागतो ते पाहायचं. कठीण आहे ते ‘वाटेत’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत हे ओळखणं. पांढरे खडे दोन तिरक्या रेषांवर चालतात आणि काळे त्यांच्या बाहेरच्या दोन रेषांवर. पण त्याही बाहेरची एकेक तिरकी रेष मोजावी लागते. समजा, १४-१६ वर एकटा पांढरा खडा आहे. शिडीचा एकही खडा तिथे पडत नाही, त्यामुळे तो बाजूला आहे असं वाटतं. पण काळा १४-१५ वर खेळतो तेव्हा त्याचा खडा या पांढऱ्याला टेकतो. पुढे पांढरा १५-१५ वर पळाला की त्याच पळण्याने काळ्याच्या १४-१५ ला अटारी लागते. काळ्याने ते न पाहता १५-१६ वर पाठलाग चालू ठेवला, तर पांढरा १३-१५ वर खेळून तो खडा उचलतो आणि मोकळा होतो. काळ्याने आपला खडा वाचवला तर पांढऱ्याला पळायला एक खेळी मिळते. दोन्हीकडून शिडी गेलीच.

म्हणजे शिडीचा पट्टा सहा तिरक्या रेषांचा असतो. आपल्या उदाहरणात तो आकड्यांनी सांगता येतो: उभ्या रेषेच्या क्रमांकातून आडव्या रेषेचा क्रमांक वजा करा, उत्तर उणे २ ते ३ यांच्यामध्ये आलं तर तो खडा शिडीत येतो. याची एक विलक्षण परिणती आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात १४-१७ आणि १७-१४ या जागा आरशातल्यासारख्या एकमेकींसमोर आहेत. पांढऱ्याचा एकटा खडा १७-१४ वर असेल तर शिडी तुटते, कारण वजाबाकी ३ येते. तोच खडा १४-१७ वर असेल तर वजाबाकी उणे ३ येते आणि शिडीला धक्काही लागत नाही. पांढऱ्याने पहिलं पाऊल उजवीकडे टाकलं होतं, त्यामुळे सगळा पट्टा तेवढा उजवीकडे कललेला आहे. पहिलं पाऊल वर पडलं असतं तर हेच उलटं झालं असतं. खेळताना वजाबाकी कुणी करत नाही, डोळ्याला सवय होते. पण पट्ट्याच्या काठावर खडा दिसला की सरावलेले खेळाडूही थांबतात आणि तेवढ्या तीन-चार पायऱ्या एकेक करून मोजतात.

पट्ट्यात दोन्ही रंगांचे खडे असतील तर आधी लागणाऱ्या खड्याला वजन जास्त. पण ते एकमेकांना चिकटून असतील तर नजरेच्या अंदाजावर विसंबू नये, तिथे खरोखर वाचावं लागतं.

कोपरा रिकामा असताना पांढरा काय करू शकतो? पळणं व्यर्थ आहे हे कळल्यावर तो लांबच्या कोपऱ्यात, शिडीच्या पट्ट्यातच, एक उपयोगी खडा ठेवतो. काळ्याने तिथे उत्तर दिलं तर पांढरा इकडे पळून सुटतो. म्हणून काळा ५-४ वर खेळून तो एक खडा उचलून टाकतो आणि पांढऱ्याला समोरच्या कोपऱ्यात लागोपाठ दुसरी खेळी मिळते. हा सौदा बरा की वाईट, हे त्या दोन खेळ्यांनी कोपऱ्यात काय कमावलं यावर ठरतं. अशी खेळी उपलब्ध आहे हे दिसलं तर मी काळ्याच्या जागी शिडी चालत असतानाच खडा उचलून मोकळा होईन. एक खेळी खर्च होते, पण पटाच्या दुसऱ्या टोकाला धमकी म्हणून वापरता येईल असं काही उरत नाही.

चीनमध्ये नवव्या शतकातली एक कथा सांगतात. तांग दरबारातला खेळाडू गू शीयान याच्यासमोर जपानचा राजपुत्र बसला होता. गूवर दोन शिड्या एकदम चालून आल्या होत्या आणि दोन्ही चालत होत्या. फार विचार करून तेहतिसाव्या खेळीला त्याने एकच खडा असा ठेवला, की तो दोन्ही शिड्यांच्या वाटेत आला. दोन पट्टे जिथे एकमेकांना छेदतात तिथे हे शक्य होतं. म्हणूनच दोन शिड्या एकदम मांडणाऱ्याने त्या कुठे भेटतात ते आधी पाहावं. भेटत असतील तर दोन्हींपैकी एक वेळेत आवरून घ्यावी.

नियमांना वळसा घालणारेही निघतात. २००३ मध्ये कोरियाच्या ली सेडोलने होंग चांग-शिकविरुद्ध काळ्याने खेळताना चालत नसलेली शिडी मुद्दाम पुढे रेटली. खालच्या उजव्या भागातला पांढऱ्याचा एक मोठा गट त्याला पकडायचा होता, आणि शिडीचे खडे त्याने त्यासाठी वापरले. तो गट पकडला गेला आणि पांढऱ्याने हार मानली.