साठ कोटींतून बँकेच्या हाती किती?

जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९मध्ये जमिनीवर आली. मुंबईतल्या या कंपनीची मालमत्ता विकून तिचा कारभार कायमचा मिटवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. यालाच अवसायन म्हणतात. अशा वेळी देणेकरी कंपनीच्या दारात बँक, कामगार, पुरवठादार, कर खाते असे सगळेच उभे असतात आणि पैसा मात्र सगळ्यांना पुरत नाही. आधी कोणाला द्यायचे, हे नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मधील कलम ५३ सांगते. एका काल्पनिक कारखान्याचे गणित मांडले की ते नीट उलगडते.

प्रश्न असा: मालमत्ता विकून ६० कोटी रुपये आले. प्रक्रियेचा खर्च ६ कोटी. कामगारांची ३६ महिन्यांची मजुरी थकली आहे, दरमहा ७५ लाखांप्रमाणे २७ कोटी. बँकेचे तारणी कर्ज ७२ कोटी, आणि बँकेने तारण स्वतः न विकता अवसायकाकडे सोपवले आहे. शिवाय कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे ४ कोटी, बिनतारण कर्ज ११ कोटी, सरकारी कर ६ कोटी. बँकेला किती मिळेल?

(अ) ५४ कोटी
(ब) २७ कोटी
(क) ४३.२० कोटी
(ड) ३२.४० कोटी

खर्च सर्वांत आधी वजा होतो. उरतात ५४ कोटी. ते सगळे बँकेचेच, असे मानणारा ‘अ’ निवडतो. कामगारांना आधी पूर्ण देणारा ‘ब’वर येतो. सगळ्यांची १२० कोटींची देणी एकत्र करून सारख्या प्रमाणात वाटणारा ‘ड’वर थांबतो.

तिन्ही उत्तरे चूक. कायद्याने कामगार आणि तारण सोडणारी बँक यांना एकाच पायरीवर बसवले आहे. पण कामगारांची फक्त अवसायन सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांची थकबाकी त्या पायरीवर धरली जाते. म्हणजे २७ नव्हे, १८ कोटी. १८ आणि ७२ मिळून ९० कोटींचे दावे, हातात ५४ कोटी. रुपयाला ६० पैसे. कामगारांना १०.८० कोटी, बँकेला ४३.२० कोटी. उत्तर ‘क’.

खालच्या पायऱ्यांवर काहीच उरत नाही. कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांपर्यंतचा पगार, त्याखालचे बिनतारण कर्ज, त्याखालचा सरकारी कर, सगळे कोरडे. कामगारांचे उरलेले ९ कोटी तर कराच्याही खाली जातात. वर्षभर जास्त राबलेल्या माणसाला हे फार जाचते.

बँकेने तारण स्वतः विकले असते, तर तिची न फिटलेली बाकी सरकारी कराच्या पायरीवर, बिनतारण कर्जाच्याही खाली गेली असती. म्हणून तारण सोडायचे की नाही, हा बँकेसाठी मोठा निर्णय असतो.

भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधी यांतून कामगारांना देय असलेली रक्कम या वाटणीत धरलीच जात नाही. कलम ३६ ने ती अवसायनाच्या मालमत्तेबाहेर ठेवली आहे. थकीत मजुरीचा दावा लिहिताना कामगारांनी ही रक्कम वेगळी दाखवावी.