उशिरा आलेला मित्र आणि एक तासाचा घोळ

पुणे, म्युनिक आणि सॅन होजे. एकाच वर्गात शिकलेले तीन मित्र या तीन गावांत विखुरले आहेत असं समजू. दर शनिवारी पुण्याच्या रात्री साडेआठला त्यांचा व्हिडिओ कॉल ठरलेला. उन्हाळ्यात तेव्हा म्युनिकला संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि सॅन होजेत सकाळचे आठ. म्हणजे एकाचं जेवण उरकलेलं, दुसऱ्याच्या हातात चहा आणि तिसऱ्याचे केस विस्कटलेले. थट्टा कोणाची होणार हे कॉल सुरू होण्याआधीच ठरून गेलेलं असतं. ‘कुंभकर्णा, तोंड तरी धुतलंस का?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘शनिवारी आठला उठलोय, सत्कार करा माझा’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

या चिडवाचिडवीला खरी धार चढते ती ऑक्टोबरच्या शेवटी. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. भारतातलं घड्याळ जागचं हलत नाही. 2026मध्ये हे रविवार 25 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबरला येतात. आता 31 ऑक्टोबरचा शनिवार घ्या. पुण्यात साडेआठ वाजतात तेव्हा म्युनिकला पाच नव्हे, चारच वाजलेले असतात. तिथला मित्र सवयीने पाचला येतो, तोवर पुण्यात साडेनऊ झालेले. ‘जर्मनीत राहून हे शिकलास?’ पुढच्या शनिवारी, 7 नोव्हेंबरला, हीच पाळी सॅन होजेवाल्यावर येते. त्याने आता सातला यायला हवं, पण फोनमधला गजर आठच्या हिशोबानेच लावलेला असतो. फोन घड्याळ आपोआप बदलतो. गजराला मात्र पुण्यातल्या मित्रांची काही पडलेली नसते.

मार्चमध्ये याच्या उलट होतं. अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात. त्यानंतरच्या शनिवारी सवयीने सातला उठलेला सॅन होजेवाला एक तास आधीच हजर होतो आणि रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतो. या वक्तशीरपणाला साक्षीदार नसल्यामुळे त्याचं कौतुक कोणी करत नाही, हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

कॅलेंडरमधलं निमंत्रण पुण्याच्या वेळेला बांधलेलं असेल तर परदेशातले दोघे घसरतात. तेच सॅन होजेच्या सकाळी आठला बांधलं, तर हिवाळ्यात पुण्याचे साडेनऊ होतात. मग साडेआठला कॉल लावून अमेरिकेतल्याला सातला झोपेतून उठवणारा पुणेकर शिव्या खातो. तेव्हा उशिरा आलेल्याला आळशी ठरवण्याआधी निमंत्रण कोणाच्या घड्याळाचं आहे एवढं पाहिलं तरी निम्मे खटले निकालात निघतात. पुणेकराने फार ताठ्यात राहू नये, कारण घड्याळाचा हट्ट आपल्याकडेही होता. देशासाठी एकच वेळ 1906मध्ये ठरल्यावरही मुंबईने आपली वेगळी वेळ अनेक वर्षं चालू ठेवली होती, आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती.

झोपाळूपणाचा आरोपही तपासून घ्यायला हवा. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही. साधारण अर्धा तास, कधी जास्तही, बोलणं संथ राहतं आणि विनोद उशिरा कळतो. रात्री साडेआठला तरतरीत असलेला पुणेकर समोरच्याची तुलना स्वतःच्या त्या क्षणाशी करतो, स्वतःच्या सकाळी सातशी नाही. शिवाय काहींचं शरीरच उशिरा झोपून उशिरा उठणारं असतं. त्यात आनुवंशिकतेचा भाग आहे आणि वयाचाही. विशीच्या आसपास हा कल सर्वांत जास्त असतो. हॉस्टेलवर तीनपर्यंत जागणाऱ्या घुबडाला सकाळचा कॉल मिळाला, तर तो जांभया देणारच.

तरीही मित्र चिडवणं सोडत नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940मध्ये थट्टेच्या नात्यांवर लिहिलं होतं: काही नात्यांत एकाला चिडवायची मुभा असते आणि दुसऱ्याने राग मानायचा नसतो. मराठी घरात दीर-भावजयीचं नातं डोळ्यांपुढे आणलं की हे लगेच कळतं. मित्रांच्या कॉलवर हेच चालतं. ‘अजून लोळतोयस?’ असं विचारणाऱ्याला समोरच्याच्या घरातले किती वाजलेत हे ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असण्यातच अर्धी आपुलकी आहे.

मुभेला सीमाही असते. घरात तान्हं मूल आलं, रात्रपाळी लागली किंवा नोकरी गेली, की झोप हा थट्टेचा विषय राहत नाही. चिडवणं लागलंय हे ओळखायला अवघड नसतं: उलट टोमणा येणं थांबतं, कॅमेरा बंद राहतो, ‘हो रे, झोपलो होतो’ एवढंच सपाट उत्तर मिळतं. जुने मित्र अशा वेळी विषय बदलतात, आणि पुढच्या शनिवारची वेळ त्या मित्राला विचारूनच ठरवतात.