दोन परिच्छेदांमधली रिकामी ओळ

दिवाळी अंकाच्या कामात दरवर्षी काही लेख असे हाती येतात, की त्यातली वाक्यं चोख असतात, माहिती खरी असते, तरी तिसऱ्या परिच्छेदानंतर वाचणारा पान उलटतो. गेल्या खेपेला एका शिक्षिकेनं लोणार सरोवरावर लिहिलेला लेख असाच होता. बुलढाणा जिल्ह्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, सरोवर शंभर वेळा पाहिलेलं. मी लेख मोठ्यानं वाचायला घेतला, आणि अडखळलो ते एकाही वाक्यात नाही. अडखळलो दर वेळी परिच्छेद संपून पुढचा सुरू होताना, मधल्या त्या रिकाम्या ओळीवर.

त्यांच्या परिच्छेदांची पहिली वाक्यं साधारण अशी होती. पहिला: लोणारचं विवर उल्कापातानं तयार झालं. दुसरा: तसेच १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. तिसरा: याशिवाय सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. चौथा: दुसरीकडे, गावातलं दैत्यसूदन मंदिर शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. पाचवा: दरम्यान, जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. सहावा परिच्छेद तिथं कसं जायचं, कुठं उतरायचं याचा.

‘तसेच’, ‘याशिवाय’, ‘दुसरीकडे’, ‘दरम्यान’. त्यांना सांधा निखळलेला जाणवला होता, म्हणून तर त्यांनी प्रत्येक ठिकाणी एक शब्द ठोकला होता. पण जोडशब्द हा एक दावा असतो. ‘दुसरीकडे’ म्हटलं, की वाचणारा दोन बाजू शोधू लागतो. खारट पाणी ही एक बाजू आणि मंदिर ही दुसरी, असं काही नव्हतंच. ‘दरम्यान’ म्हटलं, की दोन घटना एका काळात घडल्या असं वाटतं. मंदिर कित्येक शतकं जुनं आणि गुलाबी पाणी परवाचं. शब्दानं कबूल केलेलं नातं मजकुरात सापडलं नाही, की वाचणाऱ्याची पकड सुटते. पुढं तो प्रत्येक जोडशब्दाकडे संशयानं पाहतो.

म्हणून पहिलं काम शब्द घालण्याचं नव्हतं, काढण्याचं होतं. चारही जोडशब्द पेन्सिलीनं खोडले. मग प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला, समासात, एकच वाक्य लिहिलं: हा परिच्छेद काय सांगतो? विषय लिहायचा नाही, विधान लिहायचं. ‘पाण्याबद्दल’ एवढं लिहून भागत नाही. ‘पाणी खारट आहे, कारण ते बाहेर जात नाही’ असं लिहावं लागतं. हा फरक छोटा दिसतो, पण सगळं त्याच्यावर आहे. विषयांची यादी कुठल्याही क्रमानं लावता येते. विधानं एकमेकांना ओढतात.

समासातली सहा वाक्यं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा गुलाबी पाणी आणि खारट पाणी यांच्यात सरळ कार्यकारण होतं. त्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली, खारटपणा वाढला, आणि अतिखारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून हे सांगितलं होतं. बाईंच्या लेखात ही कारणाची साखळी होती, पण तिच्या दोन कड्यांमध्ये दैत्यसूदनाचं मंदिर येऊन बसलं होतं. जिथं नातं होतं तिथं अंतर पडलं होतं, आणि जिथं नव्हतं तिथं शेजार झाला होता. असा दोष कोणत्याही जोडशब्दानं झाकत नाही. परिच्छेद उचलूनच हलवावा लागतो.

आम्ही फोनवर बसून क्रम फिरवला. सुरुवात गुलाबी पाण्यानं, कारण वाचणाऱ्याला ती बातमी आठवत असते. मग गुलाबी का, तर खारटपणा वाढला म्हणून. खारट का, तर पाणी बाहेर पडत नाही म्हणून. बाहेर का पडत नाही, तर ते उल्केनं बसाल्टात खोदलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या वाटीत साठलं आहे. उल्केचं कळलं कसं, इथं अलेक्झांडर आला. जायचं कसं हा परिच्छेद मात्र कुठंच बसेना. त्याला लेखातून काढून चौकटीत टाकलं. जो परिच्छेद कुठंही ठेवला तरी चालतो, तो बहुधा लेखाचा नसतोच. त्याची जागा चौकटीत किंवा टोपलीत.

क्रम लागल्यावर मग शिवण. शिवण म्हणजे दोनच वाक्यं: आधीच्या परिच्छेदाचं शेवटचं आणि नंतरच्याचं पहिलं. वाचणारा आधीच्या परिच्छेदातून जे ताजं घेऊन निघतो, तेच त्याला पुढच्याच्या दारात भेटायला हवं, नवं त्यानंतर. प्राग शहरातल्या भाषाभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाक्याची अशी मांडणी बारकाईनं अभ्यासली: आधी माहीत असलेलं, मग नवं. मराठीत ही गोष्ट करायला आपल्याला मोकळीक फार आहे, कारण आपण शब्द पुढंमागं करू शकतो. बहुतेक वेळा क्रियापद शेवटी येतं आणि त्याच्या लगेच आधीच्या शब्दावर जोर पडतो. ‘त्या उन्हाळ्यात पाण्याचा खारटपणा वाढला होता’ आणि ‘पाण्याचा खारटपणा त्या उन्हाळ्यात वाढला होता’ ही दोन वाक्यं एकच गोष्ट सांगतात, पण पहिल्यातून खारटपणा हातात राहतो आणि दुसऱ्यातून उन्हाळा.

पुढचा परिच्छेद खारटपणाचा असेल तर पहिलं वाक्य हवं. बाईंनी दुसरं लिहिलं होतं, आणि पुढच्या परिच्छेदाची सुरुवात होती ‘लोणार सरोवर बंदिस्त आहे’. वाचणारा उन्हाळा घेऊन आला आणि दारात त्याला बंदिस्त सरोवर भेटलं. शिवण अशी घातली: आधीचा परिच्छेद संपतो ‘त्या उन्हाळ्यात पाण्याचा खारटपणा वाढला होता’ यावर, आणि नवा सुरू होतो ‘खारटपणा या पाण्यात एरवीही मुरलेला असतो, कारण धारेतून आणि पावसातून आलेल्या पाण्याला इथून बाहेर जायला वाटच नाही’. यात एकही जोडशब्द परिच्छेदाच्या तोंडाशी नाही. ‘खारटपणा’ हा शब्द स्वतःच पूल झाला आहे. ‘एरवीही’ या छोट्या शब्दानं एका उन्हाळ्यावरून कायमच्या स्थितीवर नेलं.

शब्द पुन्हा वापरला, हे बाईंना खटकलं. शाळेत आपल्याला पुनरुक्ती टाळायला शिकवतात, आणि एका वाक्यात तोच शब्द दोनदा आला तर ते बरोबरही आहे. परिच्छेदाच्या उंबरठ्यावर मात्र तोच शब्द हवा. तिथं ‘खारटपणा’ऐवजी ‘क्षारता’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं की ही दुसरी गोष्ट आहे.

उंबरठ्यावर सर्वांत जास्त फसवतात ते ‘यामुळे’, ‘त्यामुळे’, ‘हे’. बाईंचा खारटपणाचा परिच्छेद चार गोष्टी सांगून संपत होता: धारेचं गोडं पाणी आत येतं, उन्हानं वाफ होते, क्षार मागं उरतात, बाहेर ओढा नाही. पुढचा परिच्छेद सुरू होत होता ‘यामुळे शास्त्रज्ञांचं कुतूहल वाढलं’. कशामुळे? गोड्या पाण्यामुळे, वाफेमुळे, की क्षारांमुळे? लिहिणाऱ्याच्या मनात ते स्पष्ट असतं, म्हणून त्याला हा खड्डा दिसत नाही. उपाय साधा आहे: सर्वनामापाशी नाम ठेवायचं. ‘या वाटीसारख्या बंद आकारामुळे शास्त्रज्ञांचं कुतूहल वाढलं’. नाम शोधायला गेलं की आणखी एक गोष्ट कळते. कधीकधी ‘यामुळे’च्या जागी बसेल असं नाम सापडतच नाही, आणि मग लक्षात येतं की आपण एक पायरी न सांगताच पुढं गेलो होतो.

दैत्यसूदनाचं मंदिर शेवटपर्यंत अडून बसलं होतं. बाईंना ते काढायचं नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. विवर बराच काळ ज्वालामुखीचं समजलं जात होतं. १९७०च्या दशकात तिथल्या खडकात प्रचंड धक्क्यानंच तयार होणारी काच सापडली आणि उल्कापाताचं म्हणणं पक्कं झालं. हा परिच्छेद वाचताना त्या सहज म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे तर लहानपणीच सांगायचे, लवणासुर इथं राहायचा आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं.’’ सांधा तोच होता. लवण म्हणजे मीठ. खड्डा आणि खारट पाणी या दोन्हींचं उत्तर कथेत आधीपासून होतं. नव्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य त्यांनीच लिहिलं: ‘गावकऱ्यांकडे मात्र या खड्ड्याचं आणि या मिठाचं उत्तर फार पूर्वीपासून होतं’.

त्यातला ‘मात्र’ कुठं बसला आहे ते पाहा. वर्तमानपत्री सवयीनं तो परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला, ‘मात्र,’ असा स्वल्पविरामासकट येतो, आणि तिथं तो नुसता ‘पण’ होतो. मराठीत त्याची खरी ताकद ज्याच्याशी विरोध दाखवायचा त्या शब्दामागं बसण्यात आहे. ‘गावकऱ्यांकडे मात्र’ म्हणताच आधीच्या परिच्छेदातले शास्त्रज्ञ आपोआप दुसऱ्या बाजूला उभे राहतात. ‘ही’, ‘च’ आणि ‘तर’ यांचंही तसंच. ही चिमुकली अव्ययं परिच्छेदांना जोडतात आणि जोडल्याचा आवाजही करत नाहीत.

प्रत्येक शिवण इतकी घट्ट करू नये, हेही सांगायला हवं. सगळ्या परिच्छेदांत आधीचा शब्द उचलून पुढं नेला, तर लेख धड्यासारखा वाटू लागतो. काळ किंवा जागा बदलताना ‘१८२३ मध्ये’ एवढं म्हणणं पुरतं. वाचणारा ती उडी आनंदानं घेतो, कारण ती उडी आहे हे त्याला सांगितलेलं असतं. मोठ्या विषयांतरासाठी तीन फुल्या आहेत, उपशीर्षक आहे. पण उपशीर्षक काढून टाकल्यावर मजकूर कोसळत असेल, तर सांधा नव्हताच. मी बाईंच्या लेखातली दोन उपशीर्षकं झाकून पाहिली, तेव्हा एक निरुपयोगी निघालं आणि एक खरोखर लागणारं.

तुमच्या लेखाची परीक्षा घ्यायची असेल तर तो दोन दिवस बाजूला ठेवा. मग घरातल्या, लेख न वाचलेल्या कुणाला तरी समोर बसवून एकेक परिच्छेद वाचून दाखवा, आणि प्रत्येकाच्या शेवटी थांबून विचारा, ‘‘आता पुढं काय येईल असं वाटतं?’’ उत्तर अगदी बरोबर आलं नाही तरी चालेल. पण ते म्हणाले, ‘‘इथं संपलं का?’’ तर त्या जागी पेन्सिलीची खूण करा, आणि दुरुस्ती तिथून सुरू करा.