भट्टीपासून दुप्पट लांब गेलं की आच चौथाई होते? जवळ असाल तर नाही!

शाळेत शिकलेला एक नियम बहुतेकांच्या लक्षात राहतो. अंतर दुप्पट केलं की प्रकाश किंवा उष्णता चौथाई होते, तिप्पट केलं की नवव्या हिश्श्यावर येते. हा नियम खरा आहे, पण त्यात एक अट लपलेली आहे. उष्णता देणारी वस्तू तुमच्यापासूनच्या अंतराच्या मानाने अगदी लहान, जवळजवळ ठिपक्यासारखी असली पाहिजे.

भट्टीचं तोंड ठिपका नसतं. ते चांगलं हातभर रुंद असतं आणि माणसं त्याच्यापासून दोन-चार पावलांवर काम करतात. तिथे हा नियम डोळे मिटून वापरला तर धोक्याची जागा सुरक्षित वाटू शकते. ते कसं होतं, हे आपण एका गोल तोंडाच्या भट्टीवरून समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. इथे ज्या प्रारणाबद्दल बोलतोय ते म्हणजे तापलेल्या वस्तूतून निघणारी उष्णता आणि प्रकाश. अणुभट्टीतल्या किरणोत्सर्गाशी त्याचा संबंध नाही.

आपली भट्टी

लोखंडी भाग लाल करून ठोकण्यासाठी फोर्जिंगच्या कामात भट्टी लागते. समजा, अशा एका भट्टीच्या बाजूला ६० सेंटीमीटर व्यासाचं गोल तोंड आहे आणि आतलं तापमान १२२७ अंश सेल्सिअस, म्हणजे १५०० केल्विन आहे. आत सगळीकडून तापलेली पोकळी असल्यामुळे तोंडातून दिसणारा लालपिवळा गोल सगळीकडे सारखाच तेजस्वी असतो. हिशेबासाठी आपण त्याला तापलेली चकती समजू शकतो.

या तापमानाला चकतीच्या दर चौरस मीटरमधून सुमारे २८७ किलोवॉट उष्णता बाहेर पडते. तुलनेसाठी, भर दुपारचं कडक ऊन दर चौरस मीटरला साधारण १ किलोवॉट असतं.

आता प्रश्न असा की, तोंडासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या गालावरच्या चिमुकल्या जागेला यातली किती उष्णता मिळते? यासाठी तीनच कल्पना लागतात.

पहिली कल्पना: तीव्रता अंतराने बदलत नाही

चुना दिलेली भिंत समोरून पाहा, मग तिरकी पाहा. ती दोन्हीकडून जवळपास सारखीच उजळ दिसते. स्टीलचं ताट तसं नाही. ते एका कोनातून डोळे दिपवतं आणि दुसऱ्या कोनातून काळपट दिसतं. भिंतीसारखा जो पृष्ठभाग सगळ्या दिशांना सारखाच तेजस्वी दिसतो, त्याला विसरित म्हणजे डिफ्यूज पृष्ठभाग म्हणतात. भट्टीचं तोंडही बऱ्याच अंशी असंच वागतं.

अशा पृष्ठभागाच्या 'दिसणाऱ्या तेजाला' तीव्रता म्हणतात. गंमत अशी की, तुम्ही लांब गेलात तरी ती कमी होत नाही. दूरच्या भट्टीचा गोल फिका पडत नाही, फक्त लहान दिसू लागतो.

हे घरीही तपासता येतं. इन्फ्रारेड थर्मामीटरची गन काळ्या लोखंडी तव्यावर आधी जवळून आणि मग मीटरभर अंतरावरून धरा. तिचा मोजणीचा ठिपका पूर्णपणे तव्याच्या आत असेल तोवर आकडा जवळपास तोच येतो. गन तीव्रता मोजते. तुमच्या तळहाताला मात्र लांबून कमी आच लागते, कारण तव्याने अडवलेली जागा कमी झालेली असते.

दुसरी कल्पना: घनकोन

ही 'अडवलेली जागा' मोजण्याचं माप म्हणजे घनकोन. कागदावरचा साधा कोन दोन रेषांमधला असतो. घनकोन म्हणजे एखादी वस्तू तुमच्या नजरेच्या आभाळाचा किती भाग व्यापते ते. अंगठा डोळ्याजवळ आणला की त्याने घर झाकता येतं, हात लांब केला की एक खिडकीच झाकली जाते. अंगठा तोच, घनकोन वेगळा.

तिसरी कल्पना: कोसाइनचा नियम

सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारचं ऊन यांतला मोठा फरक तिरकसपणाचा असतो. तिरके येणारे किरण जास्त जागेवर पसरतात, त्यामुळे दर चौरस सेंटीमीटरला उष्णता कमी मिळते. किरण सरळ आले तर पूर्ण, ६० अंश तिरके आले तर निम्मी. हे प्रमाण त्या कोनाच्या कोसाइनइतकं असतं. योहान हाइनरिख लँबर्ट यांनी १७६० मध्ये प्रकाशमापनावरच्या आपल्या ग्रंथात हे मांडलं, म्हणून याला लँबर्टचा नियम म्हणतात.

आता तिन्ही जोडा. चकतीच्या प्रत्येक तुकड्याकडून मिळणारी उष्णता म्हणजे तीव्रता गुणिले त्या तुकड्याचा घनकोन गुणिले तिरकसपणाचा कोसाइन. सगळ्या तुकड्यांची बेरीज केली की उत्तर मिळालं.

बेरीज करायची कशी? उपडी वाटी वापरून

इथे इंटिग्रेशन लागेल असं वाटतं, पण एक सोपी युक्ती आहे. जर्मन अभियंता विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९२८ मध्ये ती दाखवली.

गालावरच्या त्या छोट्या जागेवर अर्धगोल वाटी उपडी ठेवली आहे अशी कल्पना करा. तिची त्रिज्या १ धरू. त्या जागेतून चकतीच्या कडेपर्यंत रेषा ओढल्या, तर त्या वाटीवर एक गोल ठसा उमटवतील. या ठशाचं क्षेत्रफळ म्हणजेच घनकोन.

आता हा ठसा वाटीवरून सरळ खाली, वाटीच्या तळावर उतरवा. उतरताना त्याचा प्रत्येक तुकडा नेमका कोसाइनच्या प्रमाणात आकसतो. म्हणजे तळावर जी सावली पडली, तिच्यात घनकोन आणि कोसाइन दोन्ही आपोआप आले. ती सावली गुणिले तीव्रता, एवढंच करायचं.

चकती बरोबर समोर असेल तर सावली गोल असते. तिची त्रिज्या म्हणजे चकतीची कड मधल्या रेषेशी जो कोन करते त्याचा साइन. म्हणून सूत्र असं येतं:

```
E = π L R² / (R² + h²)
```

यात E म्हणजे मिळणारी उष्णता, L म्हणजे तीव्रता, R म्हणजे चकतीची त्रिज्या आणि h म्हणजे अंतर. चकतीला अगदी टेकलात तर h शून्य होतो आणि उरतं πL. आपल्या भट्टीसाठी तेच २८७ किलोवॉट.

आता आकडे पाहू

तोंडाची त्रिज्या ३० सेंटीमीटर आहे. दर चौरस मीटरला मिळणारी उष्णता अशी येते:

- ३० सेंटीमीटरवर: १४३.५ किलोवॉट
- ६० सेंटीमीटरवर: ५७ किलोवॉट
- १ मीटरवर: २३.७ किलोवॉट
- २ मीटरवर: ६.३ किलोवॉट
- ४ मीटरवर: १.६ किलोवॉट

३० वरून ६० सेंटीमीटरवर गेल्यावर अंतर दुप्पट झालं, पण उष्णता चौथाई झाली नाही, ४० टक्के उरली. २ मीटरवरून ४ मीटरवर जाताना मात्र ती जवळपास चौथाईच झाली. जवळ असताना सूत्रातला R² मोठा असतो. लांब गेल्यावर h² पुढे तो नगण्य होतो आणि शाळेतला नियम परत येतो.

चूक कुठे महागात पडते?

समजा, कुणी पाण्याने थंड ठेवलेला सेन्सर ३० सेंटीमीटरवर धरून १४३.५ किलोवॉट मोजले. मग शाळेतला नियम लावून २ मीटरवरचा आकडा काढला. उत्तर येईल सुमारे ३.२ किलोवॉट. खरा आकडा आहे ६.३, जवळजवळ दुप्पट.

हा फरक किरकोळ नाही. तेल उद्योगातल्या मोठ्या ज्वाळांजवळ माणसांनी किती वेळ थांबावं, यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं ५२१ क्रमांकाचं मानक वापरलं जातं. त्यानुसार योग्य कपडे घातलेल्या माणसाला ४.७३ किलोवॉटच्या पातळीवर आणीबाणीचं काम २ ते ३ मिनिटं करता येतं. ६.३१ वर ही मुदत फक्त ३० सेकंद असते. सतत थांबायचं तर १.५८ किलोवॉटची पातळी सांगितली आहे. म्हणजे चुकीचा हिशेब सांगेल की २ मीटरवर दोन-तीन मिनिटं थांबायला हरकत नाही, आणि प्रत्यक्षात मुदत अर्ध्या मिनिटाची असेल.

मग शाळेतला नियम वापरायचा कधी? दोन्ही अंतरं तोंडाच्या व्यासाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त असतील तेव्हा. मग चूक एक टक्क्याच्या आत राहते. आपल्या भट्टीसाठी हे अंतर ३ मीटर येतं.

सूत्रातून मिळणाऱ्या दोन युक्त्या

सूत्रात R आणि h यांचं फक्त एकमेकांशी असलेलं प्रमाण महत्त्वाचं आहे. त्यामुळे तोंडाचा व्यास निम्मा करणं आणि दुप्पट लांब जाणं यांचा परिणाम तंतोतंत सारखा. जाड झडप लावून तोंड ६० वरून ३० सेंटीमीटरवर आणलं, तर २ मीटरवरच उष्णता ६.३ वरून १.६ किलोवॉटवर येते. फक्त ती झडप स्वतः लालबुंद होता कामा नये, नाहीतर तीच नवी चकती बनेल.

दुसरी युक्ती तिरकं होण्याची. अख्खी चकती त्या जागेला 'दिसत' असेल तोवर पृष्ठभाग ६० अंश वळवला की त्याला मिळणारी उष्णता निम्मी होते. चेहऱ्यावरची ढाल किंवा मोजणीचा सेन्सर कसा धरलाय याने आकडा म्हणूनच बदलतो. सेन्सर तोंडाकडे सरळ रोखलेला नसेल तर तो कमी दाखवणार.

हेच सूत्र सूर्याला लावलं तर?

सूर्य गोळा असला तरी आपल्याला चकतीच दिसतो. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५७७२ केल्विन, त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर आणि अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. नेमके आकडे घालून हिशेब केला की पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट येतात. उपग्रहही हाच आकडा मोजतात.

सूत्र कुठे चालत नाही?

तुम्ही तोंडाच्या बरोबर समोर नसून बाजूला असाल तर वाटीवरचा ठसा आणि त्याची सावली बदलते, त्यामुळे वेगळं सूत्र लागतं. चकती पोकळीचं तोंड नसून उघडा, चकचकीत धातू असेल तर तीव्रता बरीच कमी असते आणि ती सगळीकडे सारखीही नसते. मध्ये दाट धूर असेल तर तो थोडी उष्णता शोषून घेतो. आणि या सूत्रात फक्त प्रारण मोजलेलं आहे. तोंडातून झोत मारणारी गरम हवा आणि ज्वाळा यांची उष्णता त्यात वेगळी मिळवावी लागते.

म्हणून भट्टीजवळचं सुरक्षित अंतर ठरवताना आधी तोंडाचा व्यास मोजा. त्याच्या पाचपटीच्या आत काम होत असेल, तर हिशेब चकतीच्या सूत्रानेच करा.